कोसला: स्पॉयलर न देता

(पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून)

राम राम मंडळी! जळगावहून बोलतेय. आज भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला', १९६३ची कादंबरी.

पांडुरंग सांगवीकर, आपल्या खानदेशातल्या खेड्यातला पोरगा, पुण्याला कॉलेजला जातो. कथा एवढीच सांगणार. पुढचं विचारू नका, कमेंटमध्येही फोडू नका.

मी सुरुवातीला खूप हसले. होस्टेलच्या गमती, मेसची भानगड, आणि वाक्यावाक्याला 'उदाहरणार्थ', 'वगैरे'. दोन दिवस मीही तसंच बोलत होते, आई वैतागली. मग मधे एक भाग येतो. तिथे पुस्तक मिटलं आणि गच्चीवर जाऊन बसले. का, ते वाचाल तेव्हा कळेल.

बापलेकाचं नातं तर जिव्हारी लागतं. घरून आलेले पैसे उडवताना वाटणारी ती टोचणी! बाहेरगावी शिकलेल्या प्रत्येकाला ती ओळखीची आहे.

खटकलं काय? पांडुरंग कधीकधी फार किरकिर करतो. शेवटाकडे वेगही मंदावतो. झटपट घडामोडी हव्या असतील तर हे पुस्तक तुमचं नाही.

(हसत) पण पहिली वीस पानं वाचाच. नाही आवडलं तर मला शिव्या द्या, वगैरे.