मिरवणुकीचं सोपं पाऊल : सोळा मोजण्या, आरशासारखं

(गच्ची, सकाळची वेळ. कॅमेरा स्टँडवर. पायांपासून डोक्यापर्यंत पूर्ण दिसलं पाहिजे, पाय कापले जाऊ नयेत.)

नमस्कार. काकू, वहिनी, मुलींनो, सगळ्या आलात ना समोर? गणपती पेठेतून सरकारी घाटाकडे मिरवणुकीत जाताना आपल्या गल्लीच्या बायका नुसत्या चालत जातात, आणि हलगी वाजायला लागली की पाय थांबत नाहीत पण काय करायचं ते सुचत नाही. म्हणून हे पाऊल. सहावारीत जमतं, नऊवारीत जमतं, ड्रेसवर तर जमतंच. उडी नाही, गिरकी नाही. गुडघे दुखत असतील त्यांनीही करायचं.

आधी दिशा ठरवून घेऊ, कारण सगळा घोळ तिथंच होतो. मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे. माझ्या मागं बघा. तुमच्या उजव्या हाताला पाण्याची टाकी दिसते आणि डाव्या हाताला कपडे वाळत घालायची दोरी. मी "उजवा" म्हणाले की तो तुमचा उजवा. माझा त्या वेळी डावा पाय हलेल. माझ्या पायाचं नाव शोधत बसू नका. आरशात बघतो तसं बघायचं : मी टाकीकडे गेले, तुम्ही टाकीकडे. मी दोरीकडे गेले, तुम्ही दोरीकडे.

चपला काढा. पायात खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित सैल. ताठ गुडघ्यांनी हे पाऊल केलं की कंबर धरते, त्यामुळं सैल म्हणजे सैलच.

पहिला भाग, टाकीकडे. टाळ्या नंतर, आता फक्त पाय.

एक : उजवा पाय टाकीकडे टाका.
दोन : डावा पाय त्याच्याजवळ आणा.
तीन : उजवा पुन्हा टाकीकडे.
चार : डावा पाय जवळ आणा आणि फक्त टेकवा. चवड्यावर, अलगद.

इथं थांबा. सगळं पाऊल या चारवर उभं आहे. दोनला डावा पाय आणला तेव्हा त्याच्यावर वजन दिलं. चारला द्यायचं नाही. वजन उजव्यावरच ठेवायचं, डावा मोकळा. का? कारण पाचला हाच डावा पाय दोरीकडे जायचाय. त्याच्यावर वजन टाकून बसलात तर तो उचलणार कसा? मग पाय अडखळतो, शेजारणीला धक्का लागतो, आणि वाटतं की आपल्याला ताल नाही. ताल असतो हो. वजन चुकीच्या पायावर असतं, एवढंच.

तपासायचं कसं ते सांगते. चारवर थांबा आणि डावा पाय जमिनीवरून थोडा उचलून बघा. न डगमगता उचलला गेला तर बरोबर. आत्ता करून बघा... टेकवा... उचला... टेकवा. छान.

आता परत, दोरीकडे.

पाच : डावा पाय दोरीकडे.
सहा : उजवा जवळ.
सात : डावा पुन्हा दोरीकडे.
आठ : उजवा टेकवा. वजन डाव्यावर.

मोजणीवर करूया. एक, दोन, तीन, टेक. पाच, सहा, सात, टेक. परत. टाकी, जवळ, टाकी, टेक. दोरी, जवळ, दोरी, टेक.

आता टाळी. चारला टाकीच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर. आठला दोरीच्या बाजूला. टाळी आणि पायाचा टेक एकाच वेळी पडला पाहिजे. काकू, टाळी लवकर पडतेय असं वाटलं तर तोंडानं मोजा, मनात नाही. मोठ्यानं म्हटलं की हात आपोआप थांबतो.

दुसरा भाग, पुढं-मागं. इथं डावं-उजवं बघायची फार गरज नाही. मी तुमच्याकडे येते, तुम्ही माझ्याकडे या.

एक : उजवा पुढं. दोन : डावा पुढं. तीन : उजवा पुढं. चार : डावा टेकवा, टाळी डोक्याच्या वर.
पाच : डावा मागं. सहा : उजवा मागं. सात : डावा मागं. आठ : उजवा टेकवा, टाळी छातीसमोर.

आठला उजवा मोकळा राहिला ना? म्हणजे लगेच पहिल्या भागाला तोच पाय टाकीकडे जाऊ शकतो.

एक गोष्ट मिरवणुकीसाठी महत्त्वाची. पुढं जाताना पाऊल मोठं टाका, मागं येताना लहान. नाहीतर आपण एकाच जागी नाचत राहू आणि मागची ओळ अंगावर येईल. मागं येताना पाय घसटू नका, रस्त्यावर गुलाल पडलेला असतो, घसरायला होतं. सहावारी असेल तर निऱ्या घोट्याच्या थोड्या वर घ्या आणि पुढचं मोठं पाऊलही बेतानंच टाका.

आता सगळं हळू. सेकंदाला एक मोजणी. मी बोलते, तुम्ही करा.

एऽक... उजवा, टाकीकडे.
दोऽन... डावा जवळ.
तीऽन... उजवा टाकीकडे.
चाऽर... डावा टेक, टाळी टाकीच्या बाजूला. वजन कुठं? उजव्यावर.
पाऽच... डावा, दोरीकडे.
सहाऽ... उजवा जवळ.
साऽत... डावा दोरीकडे.
आऽठ... उजवा टेक, टाळी दोरीच्या बाजूला. वजन डाव्यावर.

न थांबता पुढं.

एऽक... उजवा पुढं, मोठा.
दोऽन... डावा पुढं.
तीऽन... उजवा पुढं.
चाऽर... डावा टेक, टाळी वर.
पाऽच... डावा मागं, लहान.
सहाऽ... उजवा मागं.
साऽत... डावा मागं.
आऽठ... उजवा टेक, टाळी समोर.

अजून एकदा, तितकंच हळू. या वेळी मी पायाचं नाव घेणार नाही, फक्त दिशा.

टाकी... जवळ... टाकी... टेक. दोरी... जवळ... दोरी... टेक. पुढं... पुढं... पुढं... टेक. मागं... मागं... मागं... टेक.

(पाठ फिरवते.)

आता मी पाठमोरी आहे, म्हणजे आरसा संपला. माझा उजवा तोच तुमचा उजवा. मिरवणुकीत तुम्हाला पुढच्या ओळीची पाठच दिसणार आहे, म्हणून एक फेरी अशी करायचीच. टाकी-दोरी मात्र जागच्या जागी आहेत. फक्त दुसऱ्या भागात मी तुमच्यापासून लांब जाईन, तुम्ही माझ्या मागं या. एक, दोन, तीन, टेक. पाच, सहा, सात, टेक. पुढं, दोन, तीन, टेक. मागं, सहा, सात, टेक. शाब्बास!

(पुन्हा समोर. हलगीवाल्या मुलाकडे बघून)

बाळा, आधी हळू धर. मग मी हात वर केला की वाढव, एकदम नको.

हलगीवर सुरुवात लगेच करायची नाही. आधी चार मोजण्या जागेवर मान हलवत ऐका, मग उजवा पाय. मध्येच चुकलात तर धडपडत पकडू नका. जागेवर उभं राहून टाळ्या चालू ठेवा, आणि पुढचा "एक" आला की टाकीकडे निघा.

तयार? पाच, सहा, सात, आठ...

टाकी, जवळ, टाकी, टेक! दोरी, जवळ, दोरी, टेक! पुढं, दोन, तीन, टेक! मागं, लहान, लहान, टेक! परत... वाढव रे बाळा... टाकी, जवळ, टाकी, टेक! दोरी, जवळ, दोरी, टेक! पुढं, मोठं, मोठं, टेक! मागं, सहा, सात, टेक!

श्वास घ्या, पाणी प्या.

घरी करताना भिंतीवर उजव्या बाजूला "टाकी" आणि डाव्या बाजूला "दोरी" लिहून कागद चिकटवा. लेझीम ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती आत्ताच हातात घेऊ नका. रिकाम्या हातांनी टाळी चार आणि आठला नेमकी पडायला लागली की मग घ्या, आणि टाळीच्या जागी लेझमीचा एकच आवाज काढा. शनिवारी संध्याकाळी सहाला सगळ्या गच्चीवर या. चौघींच्या ओळी लावू, उंच बायका मागं, आणि ज्यांचं पाऊल पक्कं झालंय त्या ओळीच्या दोन्ही टोकांना.