पगारवाढ जाहीर, तरी आगाराचं फाटक बंद. एसटीचा संप आता नेमका कुठे अडलाय?

सोलापूर, २७ नोव्हेंबर २०२१ : बुधवारी सरकारने एसटी कर्मचाऱ्यांना पगारवाढ जाहीर केली. शुक्रवारी सकाळी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या आगारातून दोन गाड्या सुटल्या. दोन्हींच्या पुढे पोलिसांची जीप होती. पहिल्या गाडीत नऊ प्रवासी, दुसरीत त्याहून कमी. फाटकाबाहेरच्या मंडपात बसलेल्या चालक-वाहकांनी घोषणा दिल्या नाहीत, गाडी अडवलीही नाही. एवढंच झालं की गाडी चालवणाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांनीही मान फिरवली. पंधरा वर्षं एकाच विश्रामगृहात झोपलेली ही माणसं आहेत.

राज्यभर कमीअधिक असंच चित्र आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उपोषणाने सुरू झालेलं आंदोलन दिवाळीनंतर पेटलं आणि दोन-चार दिवसांत २५० आगारं थांबली. आता काही ठिकाणी तुरळक गाड्या निघत आहेत. पण सुमारे ९२ हजार कर्मचारी, सोळा हजारांच्या आसपास गाड्या आणि कोरोनापूर्वी रोज ६५ लाख प्रवासी एवढा पसारा असलेल्या एसटीत तुरळक गाड्यांनी काही भागत नाही.

आंदोलनाची सुरुवात महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि वेळेवर पगार या मागण्यांनी झाली. त्यातल्या भत्त्यांच्या मागण्या २८ ऑक्टोबरलाच बऱ्याच अंशी मान्य झाल्या, महागाई भत्ता २८ टक्के करण्याचं ठरलं आणि कृती समितीतल्या संघटनांनी उपोषण मागे घेतलं. कामगार मात्र उठले नाहीत. संघटनांचे नेते पुढे आणि सभासद मागे, हा नेहमीचा क्रम या वेळी उलटला. मंडपात कुठल्याच संघटनेचा झेंडा दिसत नाही. ‘विलीनीकरण’ हा एकच शब्द सगळीकडे आहे.

या शब्दाचा अर्थ मंडपात दहा जणांना विचारला तर उत्तरं थोडी वेगवेगळी येतात, पण गाभा एकच. एसटी कर्मचाऱ्याला राज्य सरकारचा कर्मचारी माना, सातवा वेतन आयोग लागू करा, पगार तिजोरीतून द्या. तुटपुंजा पगार ही तक्रार आहेच. बारा वर्षं नोकरी झालेला एक वाहक पगाराची पावती खिशात घेऊनच फिरतो. पतपेढीचं कर्ज, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर कपाती जाऊन हातात पडणारी रक्कम तो बोट ठेवून दाखवतो आणि शेजारी तलाठी असलेल्या मेहुण्याचा पगार तोंडी सांगतो. तुलना इथूनच सुरू होते. त्यात मागच्या कराराचा सल आहे. २०१८ मध्ये ४,८४९ कोटींची वेतनवाढ जाहीर झाली होती. ती पूर्ण रक्कम कधी हातात पडलीच नाही, असं कर्मचारी सांगतात. त्या कराराची मुदत मार्च २०२० मध्ये संपली आणि पाठोपाठ टाळेबंदी आली.

खरी जखम मात्र त्यानंतरची आहे. कोरोनाच्या काळात गाड्या थांबल्या, उत्पन्न बंद झालं आणि पगार लांबत गेले. मुंबईत बेस्टच्या मदतीला एसटीचे चालक-वाहक पाठवले गेले, परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत सोडायलाही लाल गाड्याच होत्या. काम थांबलं नव्हतं, पगार थांबला होता. २०२०च्या दिवाळीच्या तोंडावर सरकारने एक हजार कोटींची मदत दिली तेव्हा थकलेले पगार निघाले. या दीड वर्षात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. आकड्यावर वाद आहे, पण त्या नावांचे फलक प्रत्येक मंडपात लावलेले दिसतात.

त्यामुळेच बुधवारच्या घोषणेने मंडप उठला नाही. परिवहन मंत्री आणि महामंडळाचे अध्यक्ष अनिल परब यांनी जाहीर केलेली वाढ लहान नाही. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजार, दहा ते वीस वर्षांपर्यंत चार हजार, त्यापुढे अडीच हजार. नव्याने लागलेल्या कर्मचाऱ्याचा एकूण पगार १७,३९५ वरून २४,५९४ रुपयांवर जाईल, असा सरकारचा हिशेब आहे. म्हणजे सुमारे ४१ टक्के वाढ. शिवाय दर महिन्याच्या १० तारखेच्या आत पगार होईल, याची जबाबदारीही सरकारने घेतली आहे.

तरुण कर्मचाऱ्यांत यावर चुळबुळ आहे. घरात लहान मूल आणि अंगावर महिन्याचा बिनपगारी खाडा असलेल्याला सात हजार कमी वाटत नाहीत. जुने मात्र नाराज आहेत, ज्याची सेवा जास्त त्याची वाढ कमी, हे त्यांना पटत नाही. मुळात त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. एक यांत्रिक कर्मचारी म्हणाला, पगार वाढवला हे खरं, पण पुन्हा साथ आली आणि गाड्या थांबल्या तर तो कोण देणार, तेवढं सांगा.

महामंडळाची बाजू ऐकताना हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून समोर येतो. एसटीचा संचित तोटा बारा हजार कोटींच्या घरात गेला आहे. कोरोनापूर्वी दिवसाला साधारण २२ कोटींचं उत्पन्न होतं, ते पुन्हा उभं राहत असतानाच संप झाला. डिझेलने यंदा लिटरला शंभरी ओलांडली. ऑक्टोबरअखेर तिकीट दर सतरा टक्क्यांनी वाढवले, पण ती वाढ वसूल व्हायला गाड्याच रस्त्यावर नाहीत. विद्यार्थ्यांचे पास, ज्येष्ठांचं अर्धं तिकीट, दिवसभरात चार माणसं चढणारी डोंगरातली फेरी, हे सगळं एसटीने चालवायचं आणि तोटाही तिनेच सोसायचा, हे अधिकारी खासगीत बोलून दाखवतात. एवढ्यापुरतं ते आणि मंडपातले कर्मचारी एकाच सुरात बोलतात. तिकिटावरचा साडेसतरा टक्के प्रवासी कर तर दोघांच्याही बोलण्यात येतो.

मतभेद पुढे आहेत. प्रशासनाचं म्हणणं असं की विलीनीकरणाचा विषय उच्च न्यायालयाने नेमलेल्या त्रिसदस्यीय समितीपुढे आहे. ८ नोव्हेंबरच्या आदेशाने मुख्य सचिव, वित्त आणि परिवहन विभागाचे सचिव यांच्याकडे तो सोपवला असून बारा आठवड्यांची मुदत आहे. समितीचा अहवाल येण्याआधी सरकारने काही मान्य करणं शक्य नाही, तोवर कामावर या. शिवाय एका महामंडळाला सरकारी सेवेत घेतलं तर बाकीची महामंडळं रांगेत उभी राहतील, ही भीती मंत्रालयात आहेच. न्यायालयाने संपाला मनाई केली असताना कामावर न येणं ही बेशिस्त आहे, असं सांगत ९ नोव्हेंबरला ३७६ जणांना निलंबित करण्यात आलं आणि ती कारवाई पुढे वाढत गेली. रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्यांना तर थेट सेवासमाप्तीच्या नोटिसा आहेत. आगार व्यवस्थापकाची स्थिती यात अवघड. वरून यादी मागितली जाते आणि यादीतली माणसं रोज फाटकावर समोर बसलेली असतात.

विलीनीकरण म्हटलं की दोन्ही बाजूंनी दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात, तेवढं स्पष्ट करायला हवं. महामंडळच बरखास्त करायचं तर १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यानुसार केंद्राची संमती लागते. आंध्र प्रदेशाने तसं केलं नाही. त्यांनी २०१९ च्या डिसेंबरमध्ये वेगळा कायदा करून कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेतलं आणि महामंडळ ठेवलं. १ जानेवारी २०२० पासून तिथले चालक-वाहक सरकारी नोकर आहेत. ‘कायद्याने शक्यच नाही’ हे त्यामुळे पुरतं खरं नाही, आणि ‘आंध्रने केलं म्हणजे आपल्यालाही सहज जमेल’ हेही नाही, कारण आपल्याकडे दर महिन्याला तिजोरीवर कायमचा भार पडणार आहे. शेजारच्या तेलंगणात २०१९ मध्येच याच मागणीसाठी ५२ दिवस संप झाला आणि विलीनीकरणाविना कर्मचारी कामावर परतले. ही दोन्ही उदाहरणं मंडपात आणि मंत्रालयात आपापल्या सोयीने सांगितली जातात.

या सगळ्यात प्रवासी कुठे आहे? तो वडापमध्ये आहे, आणि बहुधा मागे लटकलेला. ८ नोव्हेंबरपासून सरकारने खासगी बस आणि शाळांच्या बसना प्रवासी वाहतुकीची मुभा दिली. शहरांना जोडणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर त्याचा उपयोग झाला, खासगी चालक असलेल्या शिवशाही गाड्याही धावू लागल्या. पण तालुक्यापासून पंचवीस किलोमीटर आत असलेल्या गावाला खासगी बसवाला कशाला जाईल? एसटीला जिथे पस्तीस-चाळीस रुपये लागायचे तिथे वडापवाले साठ-सत्तर मागतात, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. ज्येष्ठांची सवलत तिथे चालत नाही. डोळ्यांच्या तपासणीला निघालेल्या एका आजींनी सवलतीचं कार्ड काढून दाखवलं तेव्हा जीपवाला हसला. हसण्यात वाईटपणा नव्हता, पण पैसे पूर्ण घेतले. कार्तिकीला तर पंढरपुरात यात्रा भरली आणि एसटी नव्हती. लोक टेम्पोने आले, गेल्या वर्षी यात्राच नव्हती म्हणून यंदा कशीही गाठायचीच, असं ठरवून आले.

सगळ्यांत मोठा फटका शाळा-कॉलेजच्या मुलांना आहे आणि त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ग्रामीण भागात ४ ऑक्टोबरला पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा उघडले, २० तारखेला कॉलेजं. पास काढून जेमतेम तीन-चार आठवडे होतात तोच गाड्या बंद. मुलांना गावातला कोणी ना कोणी दुचाकीवर सोडतो. मुलींना मात्र, अंधार पडायच्या आत परत यायची सोय नाही, म्हणून घरी ठेवलं जातंय. अकरावीतली एक मुलगी आठवड्यातून दोनदाच येते, भावाला सुट्टी असेल तेव्हा. तालुक्याला खोली घेऊन राहणाऱ्यांचा डबा सकाळच्या गाडीने यायचा. तो बंद झाल्याने वडापाववाल्याचा धंदा तेवढा वाढला आहे.

प्रवाशांचा राग कोणावर आहे, याचं सरळ उत्तर मिळत नाही. ज्या गावात मुक्कामी गाडी असते तिथे चालक-वाहक परके नसतात, त्यांना कोणाच्या तरी ओसरीवर अंथरूण मिळालेलं असतं. तिथले लोक म्हणतात, त्यांना द्या काय द्यायचं ते. बाजारच्या दिवशी भाजीची पोती जीपच्या टपावर चढवणारा शेतकरी एवढं मोठं मन दाखवत नाही. माझ्या मालाला भाव नसला तर मी कुठे संप करू, असं तो विचारतो.

आझाद मैदानात बुधवारच्या घोषणेनंतर दुसऱ्याच दिवशी फूट पडली. आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत यांनी तिथलं आंदोलन थांबवत पुढचा निर्णय कामगारांवर सोपवला. वकील गुणरत्न सदावर्ते यांच्या मागे असलेला मोठा गट विलीनीकरणाशिवाय उठायला तयार नाही. समितीचा अहवाल फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत अपेक्षित आहे. निलंबित नसलेल्यांनी परत यावं, असं आवाहन प्रशासनाने केलं आहे.

शुक्रवारी दुपारपर्यंत या आगारात हजेरीपटावर अकरा सह्या झाल्या होत्या. त्यात चालक चारच. वाहतूक नियंत्रकाने पाटीवर दुपारच्या फेऱ्यांपुढे खडूने ‘रद्द’ लिहिलं आणि मुक्कामी गाड्यांचा रकाना मात्र मोकळा ठेवला. संध्याकाळी बघू, म्हणाले.