इरासाठी वाचन : आजीच्या अंगणातली सकाळ

20 महिन्यांच्या इराला चित्र आणि वाचणाऱ्याचा चेहरा दोन्ही दिसतील असे मांडीवर तिरके बसवावे. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत, कारण शब्द ठाऊक असला तरी तो तिच्या ओठांवर यायला वेळ लागतो.

पान 1
कौलांवर उभा राहून लाल तुऱ्याचा कोंबडा आरवतो, "कुकूच कू!"
(पंजा डोक्यावर उभा धरून तुरा करावा.)
"इरा, कोंबड्याचा तुरा कुठे आहे? तुझा तुरा कुठे आहे?"
ती नुसते "कू" म्हणाली, तरी तिचाच शब्द उचलून वाढवावा : "हो, कू! कोंबडा आरवतो."

पान 2
गोठ्यात कपिला गाय हंबरते, "हम्माऽऽ", आणि तिचे तांबूस वासरू शेपटी हलवत, आईच्या पोटाला ढुशी देत, चुटूचुटू दूध पिते.
(दोन्ही तर्जन्या कपाळाशी धरून शिंगे करावीत, इराच्या पोटाला डोक्याने हलकेच ढुशी द्यावी.)
"दूध कोण पिते?"
हे पान सावकाश वाचावे. "गाय हम्मा करते" एवढ्यावर थांबू नये; कोंबडा आरवतो, गाय हंबरते, कुत्रा भुंकतो, ही क्रियापदे मुलाच्या कानावर वारंवार पडली तरच त्याच्या बोलण्यात येतात, आणि माझ्या मते ती या वयापासूनच पडायला हवीत. इराने गाईला "भूभू" म्हटले, तर ते चूक ठरवू नये, कारण चार पाय आणि शेपटी तिने अचूक हेरलेली असते, "भूभूलाही शेपटी असते, गाईलाही असते. ही गाय आहे, हम्मा!" असे म्हणून पुढे जावे.

पान 3
विहिरीवरचा रहाट कुरकुरतो, कुर्र कुर्र. रिकामी बादली खाली जाते, बुडुक! भरलेली बादली वर येते.
(इराचे हात हातात घेऊन दोर ओढावा. "खाली" म्हणताना आवाज आणि अंग दोन्ही खाली न्यावेत, "वर" म्हणताना दोन्ही उंच करावेत.)
"आता बादली कुठे गेली?"

पान 4
आजी परातीत तांदळाची भाकरी थापते, थप थप थप.
(इराच्या तळहातावर तळहात थापावा.)
तव्यावर भाकरी टम्म फुगते. (गाल फुगवावेत.) "हात लावू नकोस, गरम आहे! फुंकर घाल, फूऽऽ."

पान 5
या पानावर शब्द नाहीत. ताटलीत भाकरीचा एकच तुकडा आहे.
"इरा, हा तुकडा कोणाचा?"
येथे काहीही न बोलता तिच्या तोंडाकडे पाहत थांबावे. तिने बोट दाखवले, हात पुढे केला किंवा "माझा" म्हटले, की चित्रातला तुकडा उचलल्यासारखे करून तिला भरवावा, आणि तिने पुस्तक उलटे फिरवून पुन्हा कोंबड्याचे पान काढले, तर तेथून परत वाचावे.