चाकणच्या क्लायंटची डेरिव्हेटिव्ह फाइल: रिव्ह्यू नोट, २८ एप्रिल २०२५

सर,

फॉरवर्ड, स्वॅप आणि हेज डॉक्युमेंटेशनची फाइल काल रात्री संपवली, सविस्तर वर्किंग पेपर फोल्डरमध्ये आहेच पण गुरुवारी सीएफओंना भेटायच्या आधी तुम्ही एवढं वाचलंत तरी चालेल. आकडे फार मोठे नाहीत, खरी अडचण एका तारखेची आहे, तिच्याकडे येतोच.

आधी फॉरवर्ड. कंपनीच्या रजिस्टरला १४ कॉन्ट्रॅक्ट, एकूण ४२ लाख डॉलर विकलेले. आपण दोन्ही बँकांना कन्फर्मेशन थेट पाठवलं होतं, उत्तर आलं ते ९ आणि ६ म्हणजे १५ चं. पंधरावा ३ लाख डॉलरचा, २७ सप्टेंबरला ८४.८० ला बुक केलेला आणि परवा ३० एप्रिलला मॅच्युअर होतोय. रजिस्टरमध्ये ती ओळ आहे पण करड्या रंगात, पुढे रिमार्क "कॅन्सल". ट्रेझरीतल्या मुलाला विचारलं तर म्हणे शिपमेंट पुढे गेली म्हणून कॅन्सल करायचं ठरलं होतं, बँकेला मेल मात्र कुणीच केला नाही. म्हणजे एक्सेलमध्ये मेलेला कॉन्ट्रॅक्ट बँकेत ठणठणीत जिवंत. त्यावर साधारण ३ लाख रुपये तोटा आहे, रक्कम किरकोळ, पण असा एक सुटला तर आणखी सुटलेत का हे बघायला वर्षभरातली सगळी कॅन्सलेशन बँक ॲडव्हाइसशी लावून घेतली. बाकी सगळी जुळली.

आता व्हॅल्यूएशन. ३१ मार्चला ईद होती, त्याआधी शनिवार रविवार, म्हणून २८ तारखेचा रेफरन्स रेट ८५.५८ घेतलाय, त्याला हरकत नाही. हरकत अशी की तो स्पॉट रेट आहे आणि त्यांनी तोच थेट कॉन्ट्रॅक्ट रेटमधून वजा केला. सरासरी कॉन्ट्रॅक्ट रेट ८६.१०, त्यातून ८५.५८ गेले की ५२ पैसे फायदा, गुणिले ४२ लाख म्हणजे २१.८४ लाख असेट. अरे पण कॉन्ट्रॅक्ट पुढच्या तारखेचा आहे ना, मग त्याच तारखेला मॅच्युअर होणाऱ्या फॉरवर्डचा वर्षअखेरचा रेट लावायला हवा, प्रीमियम धरून तो सरासरी ८६.४० येतो. डॉलर ८६.१० ला विकायचं बांधून घेतलंय आणि बाजार ८६.४० देतोय, म्हणजे ३० पैसे तोटा, १२.६० लाख लायबिलिटी. फायद्याचा तोटा झाला, फरक ३४.४४ लाख, डिस्काउंटिंग धरलेलं नाही पण मुदती कमी असल्याने त्याने फार हलणार नाही. बँकेचं एमटीएम स्टेटमेंट आपल्या आकड्याच्या जवळच आहे आणि गंमत म्हणजे ते स्टेटमेंट त्यांच्याच फाइलला लावलेलं होतं, कुणी उघडून बघितलेलं दिसत नाही.

आता ती तारीख. कंपनीने हे सगळे फॉरवर्ड पुढच्या निर्यात विक्रीसाठी कॅश फ्लो हेज म्हणून दाखवलेत आणि २१.८४ लाख ओसीआयमध्ये टाकलेत. डेझिग्नेशन मेमोवर तारीख आहे १ ऑक्टोबर २०२४. मेमोच्या मागच्या पानावरच्या यादीत आठव्या नंबरचा कॉन्ट्रॅक्ट २३ जानेवारी २०२५ ला बुक झालेला आहे! जो कॉन्ट्रॅक्ट जन्मालाच आला नव्हता त्याचा नंबर ऑक्टोबरात कसा लिहिला? म्हणून सॉफ्ट कॉपी मागितली, प्रॉपर्टीजमध्ये फाइल तयार झाल्याची तारीख २२ एप्रिल २०२५, म्हणजे आपण कागद मागितले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ट्रेझरी हेड म्हणाले की "हेतू तर पहिल्यापासून हेजिंगचाच होता, कागद फक्त नंतर केला". हेतूबद्दल मला शंका नाही हो, पण इंड एएस १०९ मध्ये औपचारिक डेझिग्नेशन आणि डॉक्युमेंटेशन हेज सुरू होतानाच हवं, मागून आणलेला कागद चालत नाही. हवं तर २२ एप्रिलपासून पुढे करा. म्हणजे या वर्षी फॉरवर्डचा सगळा एमटीएम थेट पी अँड एलमध्ये. आणि त्यांनी उशीर झाला असं न सांगता जुनी तारीख टाकून दिली, हे मला जास्त टोचतंय. एसए २४० खाली याची नोंद केलीय, ऑडिट कमिटीला सांगायचं का ते तुम्ही ठरवा, माझं मत सांगायला हवं असं आहे.

समजा तारीख बरोबर असती तरी दुसरा प्रश्न होताच. यादीतली साधारण ७० टक्के विक्री अमेरिकेतल्या ग्राहकाला आहे आणि २६ मार्चला तिकडे गाड्या आणि पार्ट्सवर २५ टक्के टॅरिफ जाहीर झाला, वर्ष संपायच्या आधी. एप्रिल ते सप्टेंबरची विक्री "हायली प्रोबेबल" आहे म्हणायला यांच्याकडे फक्त डिसेंबरचं बजेट आहे. पुढे डेझिग्नेट करणार असतील तर ग्राहकाची ताजी ऑर्डर शेड्यूल लागेल, तसं मी तोंडी सांगून ठेवलंय.

स्वॅप त्या मानाने बरा. ५० लाख डॉलरचं ईसीबी, सहा महिन्यांचा टर्म सोफर अधिक १.८० टक्के, त्यावर कंपनी ४.१० टक्के फिक्स्ड देते आणि सोफर घेते. याचं डॉक्युमेंटेशन १ जुलै २०२४ चं आहे आणि त्याच आठवड्यात आपल्या ऑफिसला मेलवर आलं होतं, तो मेल सापडला, तारखेचा विषय मिटला. पण दोन गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटल्या. स्वॅपमध्ये सोफर रोजचा कंपाउंड होऊन शेवटी ठरतो आणि कर्जात टर्म सोफर सुरुवातीलाच ठरतो, शिवाय कर्जाला शून्याचा फ्लोअर आहे, स्वॅपला नाही. आर्थिक नातं आहेच, हेज चालेल, पण इनइफेक्टिव्हनेसची कारणं म्हणून हे मेमोत लिहायला हवं होतं, तिथे लिहिलंय "क्रिटिकल टर्म्स मॅच". त्याखाली "८० ते १२५ टक्के टेस्ट पास". ही टेस्ट जुन्या आयएएस ३९ ची, इंड एएस १०९ मध्ये ती नाहीच, कुठल्या तरी जुन्या टेम्प्लेटमधून आलीय.

हायपोथेटिकल डेरिव्हेटिव्ह आपण करून बघितला. स्वॅपचा तोटा ४१ लाख, हायपोथेटिकलचा ३८ लाख. दोन्हीतला लहान आकडा ओसीआयला, म्हणून ३८ तिकडे आणि ३ लाख पी अँड एलला, त्यांनी पूर्ण ४१ ओसीआयमध्ये ठेवलेत. त्या ३८ वर २५.१७ टक्क्याने ९.५६ लाख डिफर्ड टॅक्स असेट येतो, तोही धरलेला नाही.

एकूण करपूर्व नफा १८.६० लाखांनी कमी होतो: फॉरवर्ड १२.६०, सुटलेला कॉन्ट्रॅक्ट ३, स्वॅप ३. परफॉर्मन्स मटेरियालिटी ६० लाख, त्याच्या आत आहे, पण मी पास करू नये असं म्हणतो, एंट्री चढवूनच घ्यावी. याशिवाय ऑक्टोबर ते मार्चमध्ये मॅच्युअर झालेल्या फॉरवर्डचे ११ लाख विक्रीत मिळवलेत, तेही आता विक्रीतून बाहेर काढावे लागतील, नफा तोच राहील पण टर्नओव्हर बदलेल आणि सीएफओ सगळ्यात जास्त यावरच भांडणार.

डिस्क्लोजरमध्ये इंड एएस १०७ चा मुदतवार तक्ता आणि सरासरी रेट नाही, तो स्वॅपसाठी लागेल, फेअर व्हॅल्यू लेव्हल २ बरोबर आहे. बँकेच्या एमटीएममध्ये क्रेडिट रिस्क धरलीय का ते बँकेला विचारलंय, उत्तर बुधवारपर्यंत येईल. रूल ११(बी) मधलं डेरिव्हेटिव्ह कॉन्ट्रॅक्टच्या तोट्याचं वाक्य आपल्या रिपोर्टमध्ये आहे, त्यामुळे त्या पंधराव्या कॉन्ट्रॅक्टची एंट्री झाल्याशिवाय ड्राफ्ट पुढे पाठवत नाही.

गुरुवारी त्या मेमोची प्रिंट आणि प्रॉपर्टीजचा स्क्रीनशॉट दोन्ही घेऊन येतो. विषय तुम्ही काढा, माझ्यावर ते आधीच चिडलेत.

ऑडिट मॅनेजर