मोटारीची खोली: तीन गोष्टी, माणसं दोनच

मोबाईलवर शूट करायच्या तुझ्या शॉर्टफिल्मसाठी या तीन गोष्टी, प्रत्येकीत दोनच पात्रं. चोपड्याकडच्या तुमच्या मळ्यातली विहिरीच्या मोटारीची खोली डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. एक दार, एक झरोका, भिंतीला स्टार्टर. खर्च शून्य. पण त्या दोघांना तिथून हलता येत नाही असं काहीतरी हवं, नाहीतर बघणारा म्हणेल, जात का नाहीत घरी?

१. रविवारची बारी

विहीर एक, भाऊ दोन, वाटण्या झालेल्या. बोलणं बंद. भिंतीवर बापाने कोळशाने लिहून ठेवलंय: सोम-बुध-शुक्र थोरला, मंगळ-गुरू-शनि धाकटा. रविवारपुढे नुसतं ‘मी’. बाप जाऊन महिना झालाय आणि आज रविवार आहे. थ्री फेज रात्री दहाला येणार. थोरला साडेनऊलाच येऊन बसलाय. धाकटा बॅटरी घेऊन दारात उभा राहतो.

दोघंही बोलतात ते मोटारीशी. “काही लोकांना दुसऱ्याच्या बारीत यायची सवयच असते.” “काहींना हिशोब येतो, वाचता येत नाही.” मधेच थोरला बॅटरी मागतो, तीही मोटारीकडेच बघून. धाकटा प्रकाश भिंतीवर मारतो आणि तो नेमका त्या ‘मी’वर थांबतो. इथे कॅमेरा हलवू नकोस. कोळसा एका जागी पुसट झालाय, बाप रोज तिथेच हात टेकून बटण दाबायचा. हे कोणी बोलून दाखवायचं नाही. थोरला उठताना आपसूक तिथेच हात टेकतो, बास.

लाईट येते. थोरल्याचं बोट हिरव्या बटणावर. मान न वळवता विचारतो, “पानी कोनाकडे सोडू?” भावाशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. इथेच काळोख. उत्तर ऐकवायचा मोह होईल, ऐकवू नकोस. संवाद घरी बोलता तसेच अहिराणीत करून घे, मी पुस्तकी लिहिलेत.

२. केबल

मे महिना, भर दुपार. विहिरीवरची केबल दोनदा चोरीला गेलेली म्हणून आजी राखणीला बसलीय. पार्सलवाला पोरगा पाणी मागायला येतो. ती पाणी देते आणि बाहेरून कडी लावून घेते. झरोक्यातून चौकशी सुरू. पोराला जोड कुठे आहे ते बरोबर माहीत आहे! चोर म्हणून, की मागच्या वर्षी इथेच वायरमनच्या हाताखाली होता म्हणून? कडी निघते तेव्हाही कळत नाही. विनोदी ठेव. उन्हात मोबाईल तापून बंद पडतो, तेव्हा सकाळी सात ते दहातच उरक.

३. कापलेले घड

केळी कापून झाली, गाडी भरायची बाकी, आणि व्यापाऱ्याचा माणूस भाव खाली आणतो. समोर शेतकरीण. घड परत झाडाला लागत नाहीत, हे दोघांनाही माहीत. गोष्ट चांगली आहे, पण घड दाखवावे लागतील आणि ते फुकट कोण देणार? कटाईच्या दिवशी कोणाच्या मळ्यात जाता आलं तरच धर.

पहिलीसाठी थोरला म्हणून तुझे काका चालतील. त्यांना पाठांतर देऊ नकोस, फक्त भांडण कशावरून आहे ते सांग.