स्टरर थांबला त्या रात्री

रिअ‍ॅक्शन साधीच होती. मिथेनॉलमध्ये कॉपर नायट्रेट, त्यात निशाने स्वतः बनवलेला अमाइन लिगंड, म्हणजे तांब्याच्या अणूला धरून ठेवणारा रेणू, आणि शेवटी ट्रायएथिलअमाइन हे थोडं अल्क. रात्री स्टररवर ढवळत ठेवायची आणि सकाळी गाळायची. दर वेळी हाती यायची ती फिकट निळी भुकटी. रेणूची रचना बघायला क्ष-किरणांना एकसंध स्फटिक लागतो, भुकटी नाही. आणि तिचा प्रबंध नेमका तिथेच अडला होता.

सकाळी येऊन बघते तर स्टरर बंद. रात्री वीज गेली होती आणि हा जुना स्टरर वीज आल्यावर आपोआप सुरू होत नसे. वैतागून तिने फ्लास्क उचलला आणि उजेडात धरला. तळाशी, मॅग्नेटच्या कडेने, गर्द निळे चौकोनी स्फटिक बसले होते. भुकटीचा मागमूस नव्हता.

‘‘गाळू नकोस!’’ मॅडम दारातूनच म्हणाल्या. ‘‘द्रावणातच राहू देत. सुकले तर आतलं मिथेनॉल उडेल आणि तडकतील.’’

एक स्फटिक तेलाच्या थेंबात घेऊन त्यांनी पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली ठेवला. काचपट्टी फिरवली तसा तो अख्खा एकदम काळा झाला, पुन्हा एकदम उजळला. एकसंध होता. निशाला हसू आवरेना.

‘‘पण मॅडम, रंग बघा ना. माझी भुकटी इतकी गडद कधीच नव्हती.’’

मॅडमनी क्षणभर विचार केला. ‘‘एक बाजूला काढ. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाक.’’

थेंब पडला आणि स्फटिकाच्या कडांवरून बारीक बुडबुडे सुटले. निशाने जुन्या भुकटीवरही तेच करून पाहिलं. ती मुकाट विरघळली.

‘‘कार्बोनेट?’’ ती म्हणाली. ‘‘मी तर कार्बोनेट घातलंच नाही.’’

‘‘फ्लास्कच्या तोंडाला काय लावलं होतंस?’’

‘‘कापसाचा बोळा.’’

‘‘म्हणजे हवा आत जात होती. द्रावण अल्कधर्मी, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळणारच. त्याचं कार्बोनेट होऊन ते तांब्याच्या दोन-तीन अणूंना एकत्र बांधू शकतं. अशी संयुगं माहीत आहेत. तुझ्या लिगंडबरोबर तसंच झालंय का, ते रचना आल्यावर कळेल.’’

‘‘मग आधी का नाही झालं?’’

‘‘झालंही असेल थोडं. पण ढवळत राहिलं की भराभर बारीक कण पडतात, मोठा स्फटिक वाढायला उसंतच मिळत नाही. काय खाली बसलं ते तू पाहिलंस का कधी नीट?’’

निशाने उत्तर दिलं नाही. ती कपाटातून फ्लास्क काढत होती. एकावर नायट्रोजनचा फुगा लावायचा, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तिसऱ्याला पुन्हा तोच कापसाचा बोळा. तिन्ही न ढवळता ठेवायचे. तिने वहीत तारीख घातली आणि तिन्हींसाठी लिगंड मोजायला घेतला.