बॅटरीचं गणित: फोटोतल्या प्रश्नाची पूर्ण उकल

दोन्ही फोटो मिळाले. पहिल्यात प्रश्न आणि समासात तू केलेली आकडेमोड, दुसऱ्यात पुस्तकाच्या मागचा तक्ता. पहिल्या फोटोची उजवी कड सावलीत गेली आहे, म्हणून मी प्रश्न कसा वाचला ते आधी लिहितो. काही वेगळं असेल तर कळव, उत्तरं बदलतील.

«एका प्रकारच्या बॅटरीचे आयुष्य X (तासांत) हे N(१२०, २२५) या प्रसामान्य वितरणानुसार आहे. सोबतच्या तक्त्यावरून काढा: (अ) P(१०८ < X < १३८), (आ) P(१२६ < X < १५०), (इ) १००० बॅटऱ्यांपैकी १४२ तासांहून जास्त चालणाऱ्या अंदाजे किती, (ई) सर्वांत आधी संपणाऱ्या १० टक्के बॅटऱ्या किती तासांच्या आत संपतात?»

पहिला खड्डा प्रश्नाच्या पहिल्याच ओळीत आहे. N(१२०, २२५) मधला दुसरा आकडा प्रमाण विचलन नाही, प्रचरण आहे. म्हणजे σ² = २२५ आणि σ = १५. समासात तू आधी २२५ नेच भागलं होतंस आणि मग खोडलंस, ते बरं केलंस. २२५ ने भागलं असतं तर १३८ साठी z = ०.०८ आला असता आणि सगळ्या बॅटऱ्या मध्याला चिकटून बसल्यासारख्या दिसल्या असत्या. σ चं एकक तास असतं, σ² चं तासांचा वर्ग. तासांना तासांनीच भागायचं, म्हणून z ला एकक उरत नाही.

आता तक्ता. आकड्याला हात लावण्याआधी तो कुठलं क्षेत्रफळ देतो ते बघ. काही पुस्तकांत अगदी डावीकडून z पर्यंतचं क्षेत्रफळ असतं, काहींत मध्यापासून, म्हणजे ० पासून z पर्यंतचं. वर छोटं चित्र छापलेलं असतं, पण तुझ्या फोटोत ते कापलं गेलंय. तरी ओळखायला सोपं आहे: पहिल्या ओळीचा पहिला आकडा ०.००००, आणि १.० समोर ०.३४१३. म्हणजे हा मध्यापासूनचा तक्ता. डावीकडून मोजणारा असता तर तिथे ०.५००० आणि ०.८४१३ दिसले असते. या तक्त्यात ०.५ च्या पुढचा आकडा कधीच येणार नाही, कारण अर्ध्या डोंगराखाली तेवढंच क्षेत्रफळ असतं.

(तक्ताच का, सूत्र का नाही, असं तू विचारलं होतंस. या वक्राखालचं क्षेत्रफळ नेहमीच्या फलांच्या मर्यादित सूत्रात मांडताच येत नाही, ते अंकांनी जवळपास काढावं लागतं. क्राम्प नावाच्या गणितज्ञाने १७९९ मध्ये या जातीच्या संकलाचे तक्ते छापले, तेव्हापासून लोक असेच बोट फिरवत आलेत.)

(अ) z = (X − μ) ÷ σ.

१०८ साठी: (१०८ − १२०) ÷ १५ = −०.८०
१३८ साठी: (१३८ − १२०) ÷ १५ = १.२०

तक्त्यात ऋण z नाहीत, आणि इथेच तुझं गणित घसरलं. वक्र मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून ० ते −०.८० चं क्षेत्रफळ ० ते ०.८० इतकंच: ०.२८८१. वजाचं चिन्ह जागा सांगतं, क्षेत्रफळ नाही. तू −०.२८८१ धरलंस आणि ०.३८४९ − ०.२८८१ = ०.०९६८ लिहिलंस. प्रत्यक्षात एक तुकडा मध्याच्या डावीकडे आणि दुसरा उजवीकडे, म्हणून बेरीज:

P(१०८ < X < १३८) = ०.२८८१ + ०.३८४९ = ०.६७३०

तुझं उत्तर चुकलंय हे तक्त्याशिवायही कळलं असतं. १०५ ते १३५ म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे एकेक σ, आणि तिथे सुमारे ६८ टक्के बॅटऱ्या असतात. १०८ ते १३८ हा पट्टाही ३० तासांचाच, फक्त तीन तास उजवीकडे सरकलेला. सर्वांत उंच भाग मध्यात असल्याने सरकलेल्या पट्ट्यात थोडं कमी भरणार. ६७.३ टक्के पटतं, ९.७ टक्के कसं पटेल? बॅटऱ्यांचा मुख्य घोळकाच तिथे आहे.

(आ) १२६ साठी z = ६ ÷ १५ = ०.४०, १५० साठी z = ३० ÷ १५ = २.००. दोन्ही उजवीकडे, म्हणून इथे मात्र वजाबाकी. मोठ्या तुकड्यातून लहान काढायचा:

P(१२६ < X < १५०) = ०.४७७२ − ०.१५५४ = ०.३२१८

चिन्हांवरून नियम पाठ करू नकोस. डोंगर काढ, १२० ची उभी रेघ मार, दोन्ही टोकं मांड, मधला भाग पेन्सिलीने भर. बेरीज की वजाबाकी ते चित्रच दाखवतं. परीक्षेत हे कच्चं चित्र उत्तरपत्रिकेतच काढ. आणि < ऐवजी ≤ आलं तरी उत्तर तेच. X सलग असल्याने एकाच नेमक्या बिंदूची संभाव्यता शून्य.

(इ) १४२ साठी z = २२ ÷ १५ = १.४६६६…, दोन दशांश स्थळांपर्यंत १.४७. डावीकडच्या स्तंभात १.४ शोध, वरच्या ओळीत .०७, दोघं भेटतात तिथे ०.४२९२. पण हे मध्यापासून १४२ पर्यंतचं क्षेत्रफळ. आपल्याला त्यापुढची शेपटी हवी:

P(X > १४२) = ०.५ − ०.४२९२ = ०.०७०८

१००० × ०.०७०८ = ७०.८, म्हणजे अंदाजे ७१ बॅटऱ्या. १.४६ आणि १.४७ च्या मधलं मूल्य काढत बसलास तर ०.०७१२ मिळतं, उत्तर ७१ च राहतं.

(ई) हा प्रश्न उलटा आहे: क्षेत्रफळ दिलंय, तास शोधायचेत. आता बोट तक्त्याच्या आतून बाहेर न्यायचं. डाव्या शेपटीत ०.१० हवं, म्हणजे ती हद्द ते मध्य यांत ०.४० उरलं. तक्त्याच्या पोटात ०.४००० ला सर्वांत जवळचा आकडा ०.३९९७, ओळ १.२ आणि रकाना .०८. (फोटोत नेमक्या त्याच रकान्यावर तुझा अंगठा आलाय, हा आकडा मी माझ्या पुस्तकातून घेतला.) शेजारचा ०.४०१५ जास्त दूर आहे. म्हणून १.२८, आणि आपण मध्याच्या डावीकडे असल्याने z = −१.२८. हे वजाचं चिन्ह तक्ता देणार नाही, ते चित्र बघून तूच लावायचंस.

X = μ + zσ = १२० − १.२८ × १५ = १२० − १९.२ = १००.८ तास

चिन्ह विसरलास तर १३९.२ येतं, म्हणजे सर्वांत आधी संपणाऱ्या बॅटऱ्या सरासरीपेक्षाही जास्त चालल्या!